सोबत पत्र जोडले आहे

कारखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. कुणाचीही काना-मात्रा चुकलेली तिच्या नजरेतून सुटत नसे, एवढंच त्यामागचं कारण. कारखाना वजनकाट्यांचा होता आणि तिचं काम काट्यांच्या माहितीपुस्तिका तपासायचं. पण सतरा वर्षांत ज्याच्या-त्याच्या रजेचे अर्ज, खुलासे, मुलांच्या शाळेच्या चिठ्ठ्या, सगळंच तिच्या टेबलावर यायला लागलं होतं. “बाई, जरा नजर टाका ना,” म्हणत माणूस उभा राहिला की तिला नाही म्हणता येत नसे. घरी सासूबाई म्हणायच्या, “मी गेल्यावर माझ्या बातमीत चुका काढत बसू नकोस म्हणजे झालं.”

काटेमास्तरांची आई गेली त्या आठवड्यात तिच्याकडे सांत्वनाच्या सहा मेल तपासायला आल्या. काटेमास्तर म्हणजे तपासणी खोलीतला माणूस. तयार काट्यावर ठरलेली वजनं ठेवायची, आकडा बरोबर आला की प्रमाणपत्रावर सही करायची. त्याच्या सहीशिवाय एक काटाही दाराबाहेर जात नसे. माणूस सरळ, कमी बोलणारा. मात्राबाईचं आणि त्याचं चांगलं जमायचं, कारण दोघांचंही पोट दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर चालत होतं.

मेल तपासायची तिची एक पद्धत होती. मजकूर ती फाइलमध्ये घेई आणि बदल दिसतील अशी सोय चालू करी. काढलेला शब्द लाल रेघेखाली राही, घातलेला शब्द वेगळ्या रंगात येई, आणि बाजूच्या चौकटीत ती हळूच कारण लिही. माणसाला आपण काय लिहिलं होतं ते दिसावं, पटलं तर घ्यावं, नाहीतर सोडावं. ‘लवकरात लवकर या दुःखातून बाहेर पडा’ यातलं ‘लवकरात लवकर’ तिने चार मेलमधून काढलं. बाजूला लिहिलं, ‘त्यांना वेळ लागू दे.’ पॅकिंगवाल्याने ‘सदर निधनाबाबत समजले’ लिहिलं होतं. त्याचं तिने ‘आई गेल्याचं कळलं’ केलं.

सातवी मेल घाईसाहेबांची आली.

घाईसाहेब माल पाठवण्याच्या विभागाचे प्रमुख. दारात ट्रक उभा असो-नसो, त्यांची घाई उभी असायची. ते स्वतः आले, खुर्चीत बसले नाहीत.

“बाई, मला लिहिता येत नाही. पण लिहिलंय. तुम्ही सरळ करा.”

“बसा तरी.”

“नको. करा तुम्ही.”

तिने फाइल उघडली. पहिल्या दोन ओळी सगळ्यांसारख्याच होत्या. मग एकदम असं होतं:

‘त्या दिवशी तुमच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी म्हणालो आठ काटे राहिलेत अर्धा तास थांबा, आई कुठे पळून जाते का. सगळ्यांसमोर म्हणालो. तुम्ही थांबलात. ते मी म्हणायला नको होतं. मला घास उतरत नाही.’

मात्राबाईला तो दिवस माहीत होता. सगळ्या कारखान्यालाच माहीत होता. काटेमास्तरांनी ते आठ काटे तपासले, आठ सह्या केल्या, हातमोजे काढून नीट घडी घालून ठेवले आणि गेले. दवाखान्यात पोहोचले तेव्हा आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. तेव्हापासून घाईसाहेबांचं ते वाक्य कुणीही उच्चारलं नव्हतं. सगळ्यांच्या मेलमध्ये एकच होतं, ‘कुणाच्या हातात काही नव्हतं.’ त्यातल्या तीन ठिकाणी तर ते तिनेच सुचवलं होतं.

तिने बराच वेळ त्या ओळींकडे पाहिलं. मग त्या सगळ्याच ओळी खोडल्या. बाजूच्या चौकटीत लिहिलं, ‘हे मेलमध्ये नको. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याकडेच माफी मागायला गेल्यासारखं होतं. तुमचं ओझं त्यांच्या डोक्यावर जाईल. घरी जाऊन, समोर बसून बोला.’ उरलेल्या मजकुरात दोन शब्द बदलले, एक स्वल्पविराम घातला.

“साहेब, फाइल पाठवलीय. बाजूला काय लिहिलंय ते वाचा. पटलं तर सगळे बदल स्वीकारा म्हणून बटण आहे, ते दाबा, मग मजकूर मेलमध्ये उतरवून घ्या. आणि एकदा जाऊन या त्यांच्याकडे.”

“जातो. आजच जातो.”

दुपारी चहाच्या वेळी ते पुन्हा आले. चेहरा जरा मोकळा होता.

“पाठवलं बाई. छान झालंय. तुम्ही ते काढलंत तेच बरं केलंत.”

“बदल स्वीकारलेत ना?”

“म्हणजे? मला तर स्वच्छच दिसत होतं पान. वरती तो पर्याय होता, खुणा लपवा. मी लपवल्या. पत्र जोडून दिलं पाठवून.”

मात्राबाईच्या हातातला कप तसाच राहिला. “जोडून? फाइलच जोडलीत?”

“मग? आपल्याकडे सगळं जोडूनच जातं की. वर लिहिलं, ‘सोबत पत्र जोडले आहे, कृपया पाहावे.’”

“अहो साहेब, खुणा लपवल्या म्हणजे पुसल्या जात नाहीत. तुमच्या पडद्यावर लपतात. त्यांनी उघडलं की सगळं दिसणार. खोडलेलंही. मी लिहिलेलंही.”

घाईसाहेब आधी हसले, माणूस न कळता हसतो तसं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तिच्या समोर बसले.

“परत घेता येतं ना? मेल परत घ्यायचं काहीतरी असतं.”

“थांबा, नका...” ती म्हणेपर्यंत ते उठून निघालेही होते. घाई ती घाईच. त्यांनी परत घेण्याचं बटण दाबलं. मेल तोवर उघडली गेली होती, त्यामुळे परत आलीच नाही. उलट काटेमास्तरांना आणखी एक निरोप गेला, की घाईसाहेबांना आपला आधीचा संदेश परत घ्यायचा आहे.

“म्हणजे आता त्याला असं वाटणार,” मात्राबाई संगणक विभागातल्या मुलीला म्हणाली, “की हा माणूस माफीसुद्धा परत घेतोय.”

“बाई, तुम्ही कशाला जीवाला लावून घेता? तुम्ही तर बरोबरच लिहिलं होतं.”

“त्यात माझं नाव दिसतंय ना चौकटीवर. ‘हे नको.’ सगळ्यांनी लपवलं ते मीपण लपवायला सांगितलं, असंच वाचणार तो.”

त्यानंतरचे दिवस तिला नीट बसवेना. पुस्तिकेचं एकच पान ती तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा पहिल्या ओळीवर यायची. घरी भाजी चिरताना फोन वाजला की सुरी टाकून धावायची. असायचं वीजबिलाचं काहीतरी. सासूबाईंनी एकदा विचारलं, “कुणाच्या लग्नाची बोलणी चाललीत का?” नवरा म्हणाला, “अगं, तूच जाऊन ये ना त्याच्याकडे.” ती एकदा निघालीसुद्धा. चप्पल घातली, दाराशी आली, आणि परत फिरली. काय सांगणार होती? की खोडलं ते तुझ्या भल्यासाठी? आणि जे बोलायचं ते तिचं नव्हतंच. ज्याचं होतं तो जात नव्हता.

रोज सकाळी ती माल विभागात डोकावायची.

“गेलात का?”

“उद्या.”

“साहेब, काल पण उद्याच होतं.”

“काय तोंडाने जाऊ बाई? ते खोडलेलं लपलेलंच राहिलं असतं तरी बरं. आता वाचलंय त्याने. आता काय राहिलंय बोलायचं?”

“तेच तर राहिलंय.”

ते कागद चाळायला लागायचे. माल अडलेला होता. बदली आलेला तपासणीस दिवसाला बारा काटे करायचा, काटेमास्तर तीस करत. तरी घाईसाहेबांनी त्याला एकदाही घाई केली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

दहाव्या दिवशी काटेमास्तर कामावर आले. मात्राबाईने खिडकीतून पाहिलं. दाढी वाढलेली, डबा तोच. ते तपासणी खोलीत गेले, वजनांची पेटी उघडून पाहिली, बदलीवाल्याने एक वजन उघड्या हाताने उचललं असावं म्हणून कपड्याने पुसलं, आणि सरळ तिच्या टेबलाशी आले.

ती उभी राहिली. दहा दिवस जुळवलेलं वाक्य जुळेना.

“मास्तर, त्या फाइलचं...”

“तुम्ही खोडलंत ते मी वाचलं.”

“हो.”

“बाकी सहा मेल आल्या. सगळ्यांत लिहिलंय कुणाच्या हातात काही नव्हतं. वाचून वाचून मलाच वेड लागायची पाळी आली बाई. मी माझ्या कानांनी ऐकलेलं. मला वाटायला लागलं, मीच मनाने रचलं की काय. आणि मग याच्या फाइलमध्ये ते अक्षर न् अक्षर. रेघेखाली का होईना.”

मात्राबाईने पुढ्यातली पुस्तिका मिटली.

“तुमच्यावर राग आला होता,” ते म्हणाले. “मग बाजूचं वाचलं. घरी जाऊन, समोर बसून बोला. म्हटलं ठीक आहे, बाई म्हणतात ते बरोबर आहे. हा येईल. रोज संध्याकाळी सदरा बदलून बसत होतो मी. बहीण विचारायची, कुणी येणार आहे का. दहा दिवस बसलो.”

“मी त्यांना रोज...”

“आहेत का ते?”

घाईसाहेब दारात ट्रकवाल्याशी बोलत होते. काटेमास्तर त्यांच्याजवळ गेले, मात्राबाई दोन पावलं मागे. घाईसाहेबांनी वळून पाहिलं आणि हातातला फोन टेबलावर ठेवला.

“तुम्ही आला नाहीत,” काटेमास्तर म्हणाले.

“मी...”

“चला खोलीत. समोर बसून बोला, असं लिहिलंय.”

घाईसाहेबांनी मात्राबाईकडे पाहिलं. अर्ज घेऊन आलेली माणसं तिच्याकडे बघतात तसं, आता हिने दोन शब्द हातात द्यावेत म्हणून. तिच्या ओठांवर आलेही होते, नेटके, कुणालाही चालतील असे. तिने ते गिळले.

“जा,” एवढंच म्हणाली. “आणि कसंही बोला.”

दोघं आत गेले. तपासणी खोलीचं दार नेहमीच घट्ट लावावं लागतं, नाहीतर वाऱ्याच्या झुळकीनेही बारीक काटा हलतो. काटेमास्तरांनी सवयीने ते लावलं. मधल्या काचेतून दोन खुर्च्या दिसत होत्या, मध्ये काट्याचं टेबल. घाईसाहेब मान खाली घालून होते. त्यांचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. मात्राबाईला एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि ती तिथून हलतही नव्हती. काटेमास्तरांनी मध्येच हाताच्या पंजाने डोळे झाकले, तेव्हा मात्र तिने काचेकडे पाठ केली.

टेबलावर घाईसाहेबांचा फोन थरथरत सरकत होता. थांबला, पुन्हा थरथरायला लागला. ट्रकवाला पायऱ्या चढून आला.

“बाई, साहेब आले नाहीत अजून? गाडी भरून अर्धा तास झाला. नुसती सही हवीय.”

ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

“थांबा,” ती म्हणाली.

“किती वेळ?”

“लागेल तेवढा. तिथे बाकावर बसा. चहा सांगते तुम्हाला.”