पंचाण्णव डझन केळी

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण हिशोबात मला कुणी फसवलं नाही आणि मीही कुणाला फसवलं नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. त्यातली दुसरी गोष्ट एकदा खोटी ठरली. तीच इथं लिहून ठेवतो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा बदलून आलेले कारकून बायकापोरं गावी ठेवून एकटेच राहायचे. त्यांच्यासाठी मी औसा रोडला खानावळ टाकली. भाकरी, पिठलं नाहीतर वरण, एक भाजी, ठेचा आणि शेवटी एक अर्धापूरचं केळ. केळ कुणी देत नव्हतं, मी द्यायचो. केळाशिवाय माझ्या दुकानातून थाळी गेली नाही, हे मी गिऱ्हाइकाला स्वतःहून ऐकवायचो. नको म्हणणाऱ्याच्या हातात कागदात बांधून द्यायचो.

रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या सालची ही गोष्ट. माझी सून लग्नानंतर हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करत होती. स्वयंपाकाचे पेपर तिनं सहज काढले, पण हिशोबाच्या पेपरात एकदा नापास झाली. आता शेवटची संधी होती. मुलींच्या एका वसतिगृहात मेस सांभाळायची नोकरी तिला कबूल झाली होती, पण डिप्लोमा हातात असेल तरच. माझा मुलगा टेम्पो चालवायचा आणि दुष्काळात टेम्पोला भाडं नव्हतं. ती नोकरी घराला किती लागत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

पेपरासोबत एक वही द्यायची होती. एखाद्या छोट्या हॉटेलचा खरा महिना घ्यायचा, किती थाळ्यांवर ना नफा ना तोटा होतो ते काढायचं, शेकडा किती नफा सुटतो ते काढायचं, आणि खाली मालकाची सही. वर नांदेडला तोंडी परीक्षा. सूनबाई म्हणाली, मामा, आपलीच खानावळ घेते. मला बरं वाटलं.

दुपारी गिऱ्हाईक उठलं की ती माझ्यासमोर वही घेऊन बसायची. थाळी सत्तर रुपये. थाळीमागं धान्य, भाजी, तेल चौतीस, गॅस चार, केळ चार, असे बेचाळीस जातात. उरले अठ्ठावीस. ती म्हणाली, हे अठ्ठावीस अजून नफा नाहीत, यातून आधी दुकानाचा बांधलेला खर्च फेडायचा. भाडं, भाकरी करणाऱ्या दोघींचा पगार, लाईट, किरकोळ, मिळून महिन्याला पंचवीस हजार दोनशे. भागिले अठ्ठावीस, नऊशे थाळ्या. म्हणजे रोजच्या तीस. तिसाव्या थाळीपर्यंत आपण दुकानासाठी राबतो, एकतिसाव्यापासून आपल्यासाठी. मला ते पटलं. तीस-पस्तीस वर्षं मी हेच अंदाजानं करत होतो, फक्त त्याला नाव नव्हतं.

भांडण पाण्यावरून झालं. टँकर सातशेला, महिन्याला बारा, आठ हजार चारशे. मी म्हणालो, पाणी थाळीमागं धर, जितकी ताटं तितकं धुणं. तिनं विचारलं, गिऱ्हाईक कमी आलं तर टँकर कमी घेता का? टँकरवाल्याला महिन्याचे बारा आधीच सांगून ठेवावे लागत होते. नाही घेतले तर पुढच्या महिन्यात तो फिरकत नसे. मग ते भाड्यासारखंच झालं, असं म्हणून तिनं ते बांधलेल्या खर्चात टाकलं. तेहतीस हजार सहाशे. भागिले अठ्ठावीस, बाराशे. रोजच्या चाळीस थाळ्या.

"आन् आपल्या रोज किती जातात, मामा?"

मी म्हणालो, पन्नास.

तिनं लिहून घेतलं. पन्नासानं महिन्याचे पंधराशे, नफा आठ हजार चारशे, शेकडा आठ. चांगलं दिसत होतं. मी सही करायला पेन मागितला. ती म्हणाली, थांबा, खरेदीच्या पावत्या जोडायच्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातल्या केळीवाल्याच्या पावत्या घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, "महिन्यात पंचाण्णव डझन केळी आली. अकराशे चाळीस. मग साडेतीनशेवर थाळ्यांना केळ दिलं न्हाई का आपण?"

तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. हो म्हणावं तर तीस-पस्तीस वर्षांचं केळ खोटं पडतं. नाही म्हणावं तर पन्नास खोटे पडतात. पोरगी समोर बसून होती, वहीवर पेन ठेवून.

"केळ समद्यांना दिलं," मी म्हणालो. "थाळ्या अडतीस हायत."

तिनं मान खाली घालून पन्नास खोडले. विक्री एकोणऐंशी हजार आठशे, तोटा सोळाशे ऐंशी. शेकडा दोनाच्या वर तोटा. मी म्हणालो, माझ्या दुकानाचा तोटा नांदेडच्या मास्तरला कशाला दाखवायचा, पन्नास राहू दे. ती म्हणाली, पावत्या बघून परीक्षक तोच प्रश्न विचारील, आणि मी खोटं बोलायला लागले की मला गणितही सुचत नाही. मी सही न करता उठलो. दीड दिवस तिच्याशी बोललो नाही. बायको म्हणाली, गिऱ्हाईक कमी झालंय हे साऱ्या रोडला दिसतंय, तुम्हाला एकट्याला वहीत दिसलं तर एवढा राग. संध्याकाळी मी वही मागितली आणि सही केली.

परीक्षेला मी एसटीनं तिच्यासोबत गेलो. बाहेर बाकड्यावर बसलो. दार उघडंच होतं. परीक्षकांनी वही चाळली आणि विचारलं, हे दुकान तोट्यातून वर कसं काढाल? स्वतःच म्हणाले, चार रुपयांचं केळ बंद केलं की झालं, पस्तीस थाळ्यांवर खर्च निघतो.

मी बाकड्याची कड धरली.

सून म्हणाली, "निघतो सर. पण लोक केळासाठीच येतात, ते काढलं तर अडतीस राहतील असं धरता येणार नाही. आम्ही थाळी बहात्तर करू. मग थाळीमागं तीस उरतात. अकराशे वीसवर खर्च निघतो आणि आमच्या अकराशे चाळीस जातात."

"गिऱ्हाईक तुटलं तर?"

"महिन्याला वीस थाळ्यांपर्यंत तुटलं तरी चालेल. त्याच्या पुढं नाही."

'आम्ही करू' हे तिनं मला विचारलेलं नव्हतं. नव्या जिल्ह्याचा जुना माणूस म्हणून मी दुष्काळात भाव वाढवणार नाही, असं सगळ्या रोडवर बोलून बसलो होतो. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. लोहा गाव मागं पडल्यावर तिनं डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. मी खाल्ली.

सकाळी मी रंगाचा डबा काढला आणि पाटीवरच्या ७० मधलं शून्य पुसून तिथं २ काढला. वाकडा आला. रोजचे एकदोघं कुरकुरले. एक रिटायर कारकून म्हणाला, शेवटी तुम्ही पण. मी त्याच्या ताटात केळ ठेवलं आणि पुढं गेलो.

महिन्यानं निकाल लागला. सून पळत दुकानात आली, हिशोबात अठ्ठावन्न मार्क होते. मी तेव्हा केळीवाल्याच्या पावत्या मोजत होतो. तिला बसायला सांगितलं आणि आधी बेरीज पुरी केली. चौऱ्याण्णव डझन. अकराशे अठ्ठावीस. अकराशे वीसच्या आठ थाळ्या वर, गुणिले तीस, दोनशे चाळीस रुपये.

"बरोबर हाय का बघ," मी म्हणालो, आणि कागद तिच्याकडं सरकवला.