तंबाखूच्या रकान्यातलं ‘नाही’

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशाताई. गरोदर बाईची नोंद करताना वर्षानुवर्षं एकाच सुरात विचारत आले, “तंबाखू खाता का?” उत्तर ठरलेलं, “नाई जी ताई.” रकान्यात लिहिलं ‘नाही’, की निघाले पुढच्या घरी.

मागच्या गल्लीतल्या एका सुनेच्या पहिल्या खेपेलाही असंच झालं. पोरगा पूर्ण दिवसांचा, पण दोन किलोही भरला नाही. आता तो सहा वर्षांचा आहे. थंडी पडली की छातीतून शिट्टी वाजते. दोनदा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं. शाळेतल्या बाई म्हणतात, याचं ध्यान कशातच टिकत नाही.

गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात सकाळीच गेले, तर ही अंगणात बोटानं दाताला काळी भुकटी घासत बसलेली. शेजारी सासू, त्याच डबीतून घेऊन घासतेय. तंबाखूची नस, म्हणजे मिश्री! माझं डोकंच फिरलं.

“काऊन वो, मले तं नाई म्हणाली तू!”

ती बावरली. “खात कुठं ताई? दात घासते. साऱ्याच घासतात.”

ती खोटं बोलली नव्हती. मीच अर्धवट विचारलं होतं. मग खाली बसून नीट सांगितलं. तंबाखूचा अंश हिरड्यांतून रक्तात जातो, रक्तातून बाळाकडे. वारेच्या रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला पोषण आणि हवा कमी पडते. त्याचं वजन, छाती, मेंदू, सगळ्यालाच धोका. नवऱ्याची घरातली बिडीही तशीच.

ती हळूच म्हणाली, “म्हंजे मोठ्याचं मीच असं केलं?”

“एका पोराचं नक्की कोणी सांगू शकत नाई. कारणं लय असतात. पण यानं धोका वाढते. अन् सांगायचं काम माह्यं होतं, मी नाई सांगितलं.” हे बोलणं मला फार जड गेलं.

त्याच दिवशी तिनं घासणं सोडलं. पहिले आठ दिवस तिचं डोकं दुखायचं, ती भांडीही आदळायची. मी रोज जायची. सासू कुरकुरली, पण सुनेसमोर नको म्हणून डबी घेऊन गोठ्यात घासायला जाऊ लागली. मला हसू आवरेना. नवऱ्यानं बिडी घराबाहेर नेली.

मुलगी झाली. पावणेतीन किलो! मी दवाखान्यात पेढा मागितला, तर ही बाळाला हातभर लांब धरून बसलेली, जणू आपल्यामुळं हिचंही काही बिघडेल.

“ताई, मोठ्याले उशीर तं नाई झाला?”

“अवो, सहाच वर्षांचा आहे तो. डॉक्टरनं दिलेला श्वासाचा पंप नेमानं देजो, घरात धूर नको. ध्यानाचं काय ते डॉक्टरले दाखवू, शाळेतल्या बाईंशी मी बोलीन. पोरं सावरतात.”

तिचे डोळे भरून आले. मग तिनं पोरीला छातीशी घट्ट घेतलं.