कमोडसमोरची वीतभर जागा

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आणायचं ठरलं, तेव्हा कार्ला गावातल्या आमच्या घरातला संडास तीन बाय पाच फुटांचा होता, तोही खाली बसायचा. भावानं घाईघाईनं कमोड बसवून घेतला. त्यात आबांची हौस, "हाटेलात आसतं तसं बेशीन बी लाव." लावलं मग! खाली जाडजूड खांब टेकवलेलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढं वाकायचं नाही. उठताना आधी उजवा पाय समोर सरळ सरकवायचा, मग हातांवर जोर द्यायचा. खुबा निसटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात ते झेपणं अवघड.

कमोडच्या दोन्ही बाजूंना हात टेकण्यापुरती जागा होती, त्यात खोट नव्हती. पण समोर उजवीकडं बेसिनचा खांब, वीतभरावर. आणि दार आत उघडणारं. वॉकर आत मावेना, म्हणून तो बाहेर ठेवून आबा भिंतीला धरून गेले आणि माणूस लाजरा, कडी लावली.

बराच वेळ झाला. मी हाक मारली. "येतोय," म्हणाले, पण आवाज काही खरा वाटेना. मग कडी सरकली. दार ढकललं तर चार बोटं उघडलं आणि थांबलं. फटीतून दिसलं, आबा कमोडच्या कडेवरून अर्धवट घसरलेले, उजवा पाय खांबाला अडलेला, डावा दाराला टेकलेला.

"ढकलू नगंस," ते पुटपुटले. "हाललो तर निसटंल बग."

भाऊ खांदा लावायला निघाला तशी मी त्याच्यावर खेकसले, "अक्कल आहे का? त्यांच्याच पायावर दार आदळेल!"

दार पीव्हीसीचं होतं, तेवढं नशीब. भावानं लोखंड कापायच्या करवतीनं दाराचा वरचा अर्धा भाग कापून काढला. मी त्यातून आत उतरले, आबांच्या काखेत हात घालून त्यांना मागं सरकवलं, बेसिनचा खांब दोन्ही हातांनी ओढून काढला. बेसिन भिंतीला बोल्टनं धरलेलं असतं, खांब नुसता टेकवलेलाच असतो. त्या जागेतून त्यांचा पाय हळूहळू सरळ केला. मग आबा माझ्या खांद्यावर भार देऊन उठले.

आता बेसिन बाहेरच्या ओट्यावर आहे, कमोडसमोर दोन फुटांहून जास्त मोकळं आहे, भिंतीला धरायला दांडी आहे, दार बाहेर उघडतं. कडी मी काढून टाकली. आबा त्यावरून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता आत गेले की मुद्दाम मोठ्यानं खाकरत राहतात, कुणी येऊ नये म्हणून.

खाकरणं थांबलं की माझ्या हातातलं काम थांबतं.

"आबा?"

"व्हय. हाय अजून."