पट्टी बांधलेल्या अंगठ्याचा फोटो

बावीस वर्षे व्याकरण शिकवून झाल्यावर मास्तरांनी हाताने वह्या शिवून एका ऑनलाइन बाजारात विकायला सुरुवात केली होती. जगाने आपली कदर केली नाही, ही त्यांची जुनी तक्रार. त्या सकाळी या तक्रारीला नवा पुरावा मिळाला.

गाण्याच्या क्लासच्या बाईंचा निरोप आला : ‘याच वह्या दुसऱ्या दुकानात स्वस्त दिसतात. खऱ्या कोणाच्या? चाळीस हव्या आहेत, संध्याकाळी ठरवते.’

मास्तरांनी त्याच बाजारातले ते दुकान उघडले आणि ताडकन उभे राहिले. सहाही फोटो त्यांचे. तिसऱ्यात बायकोचा हात, सुई लागलेल्या अंगठ्यावरच्या पट्टीसकट. खाली ‘आमच्या घरच्या खिडकीतल्या उजेडात शिवलेली’ हे वाक्यही जसेच्या तसे.

“अगं, मेल्याने आपली खिडकीसुद्धा नेली!”

“आधी त्याच्या नि आपल्या, दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट घेते, तारीख दिसेल असे,” बायको म्हणाली. “त्याने काढल्यावर कशाचे घेणार?”

तोवर मास्तरांनी त्या विक्रेत्याला तीन पानी पत्र लिहिले होते. सुरुवातच ‘निर्लज्ज वाङ्मयचौर्य’ अशी.

“हे वाचून तो भांडायला येईल. काढायला नाही.”

“मग चोराला काय श्रीयुत म्हणू?”

“म्हणा की. काय आपलं आहे, कधी टाकलं, काय काढायचं नि कधीपर्यंत, एवढंच लिहा.”

एकेक विशेषण खोडताना मास्तरांचा जीव तुटत होता. अखेर बाजाराच्या संदेशपेटीतून नोटीस गेली : ‘महोदय, आपल्या पानावरील सहा छायाचित्रे व वर्णन आमचे आहे. आम्ही ते गेल्या जूनमध्ये आमच्या पानावर प्रसिद्ध केले. मूळ फाइली आमच्याकडे आहेत. वापरास आमची परवानगी नाही. कृपया तीन दिवसांत दोन्ही काढून कळवावे, अन्यथा बाजाराच्या कॉपीराइट विभागाकडे तक्रार करावी लागेल.’ सोबत दोन्ही पानांचे दुवे होते.

“तीन दिवस! आणि बाई संध्याकाळी ठरवणार,” मास्तर येरझाऱ्या घालू लागले.

“मुदत वाजवी हवी. बाईंना आज खरं सांगून टाका.”

मास्तरांनी कळवले : ‘फोटो आमचे आहेत. त्यांच्या वह्या आम्ही पाहिलेल्या नाहीत.’ दुसरे वाक्य लिहिताना त्यांना ठसका लागला.

दुपारी उत्तर आले : ‘माफ करा. पान ज्याला बनवायला दिले त्याने उचलले. काढतो.’ मास्तर दर दोन मिनिटांनी पान उघडत होते. फोटो गेले, मजकूर मात्र तसाच. “बघ, अर्धी चोरी परत करतोय!”

बायकोने लिहिले, ‘फोटो काढल्याबद्दल आभार. वर्णनही काढावे ही विनंती.’ चारच्या सुमारास खिडकी घरी आली. त्या पानावर आता विक्रेत्याचे स्वतःचे फोटो होते.

दिवे लागायच्या आत बाईंचा फोन आला. “त्यांच्या नव्या फोटोत पानं चिकटवलेली दिसतायत, मास्तर. आमच्या मुली वही स्टँडवर सपाट उघडून गातात. तुमच्या शिवलेल्याच द्या.”

मास्तर काहीतरी भारदस्त बोलणार होते. बायकोने त्यांच्या हातात दोऱ्याचे रीळ ठेवले.

“चाळीस म्हणाल्या ना? मग बसा.”