कार्यक्रमपत्रिकेतली वीस मिनिटं

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातुरात मोफत करिअर मार्गदर्शन शिबिरांचं पीक येतं. त्यांच्या फेसबुकवरच्या जाहिराती लिहिणं हा माझा धंदा आहे. तहसीलसमोर झाडाखाली टेबल टाकून अर्ज टाइप करत होते, तिथून इथवर आले. मला कुणी बसवलं नाही, त्यामुळे उठवायचीही कुणाची टाप नाही. तरी त्या वर्षी मी थकले होते. एकाच हंगामातलं ते सहावं शिबिर होतं, आणि सहाही ठिकाणी ‘आता नाही तर कधीच नाही’ हेच वाक्य हवं होतं.

हे शिबिर एका क्लासवाल्या सरांचं. आधी लातूरला, पुढच्या रविवारी नांदेडला. सर मला ओळखत नव्हते, मी त्यांना ओळखत होते. बारावी झाल्यावर मामांनी मला अशाच एका शिबिराला नेलं होतं. तेव्हा हेच सर स्टेजवर होते, केस काळे होते. ‘मुलींनी डोळे झाकून डी.एड. करावं, दोन वर्षांत सरकारी मास्तरीण,’ असं ते म्हणाले. मला चित्रकलेकडं जायचं होतं. मामांनी तिथंच माझ्याकडं बघून मान हलवली आणि विषय संपला. डी.एड. झालं, भरती बंद पडली, आणि ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे.

फेसबुकवरच्या इव्हेंटचा मजकूर घेऊन बसलो तेव्हा सर म्हणाले, “मॅडम, वरती लिहा, ‘हजारोंचं भविष्य घडवणारे’.”

“सर, तारीख, वेळ, जागा आधी. मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकी ‘आणखी वाचा’ दाबल्यावर.”

“मग पहिल्या ओळीत माझं घ्या, दुसरीत तारीख.”

“नाही लिहिणार.”

ते हसले. “का हो? खोटं हाय का?”

मी तारीखच वर ठेवली आणि इव्हेंट टाकला. पानाची ॲडमिन मीच होते.

फेसबुकवर मुलं नसतात, ती इन्स्टाग्रामवर गेली. फेसबुकवर राहिले ते बाप, काका आणि मामा. म्हणून मी मजकूर त्यांना उद्देशून लिहिते. पण आपल्याकडं माणूस इव्हेंटला आमंत्रणपत्रिकेसारखं वागवतो. ‘इंटरेस्टेड’ दाबणं म्हणजे मान ठेवणं, येणं नव्हे. खाली कमेंटी पडत होत्या: हार्दिक शुभेच्छा सर, अभिनंदन सर, एकच वादा. ‘इंटरेस्टेड’चा आकडा बघून सर शंभर खुर्च्या वाढवायला निघाले. मी म्हटलं, निम्म्यांना हे लग्न वाटतंय, राहू द्या.

त्या गर्दीत एकच खरी कमेंट होती. जवळच्याच मुरुडच्या एका माणसाची, फोटोत ट्रॅक्टर. ‘भाची धावी पास झाली. आयटीआयचं काई सांगनार हायत का. नसंल तर येत न्हाई, दिवस मोडतो.’

सरांचं म्हणणं, “हाव म्हणून टाका. माणूस वाढला.”

“पण तुमच्या यादीत आयटीआय नाहीच. नीट आणि जेईई आहे.”

“अहो, आला की कळंल त्याला.”

माझं डोकं तापलं. मी लॅपटॉप मिटला, मग पुन्हा उघडला. भांडून उठलं की सौदा होत नाही, हे मी त्या टेबलावर शिकले होते. म्हटलं, “वीस मिनिटं द्या. सरकारी आयटीआयत शिकवणारे एक निदेशक माझ्या ओळखीचे आहेत, मानधन मागणार नाहीत. तुम्ही वीस मिनिटं द्या, मी तुमचं ‘हजारोंचं भविष्य’ लिहिते.”

“पयल्या ओळीत?”

“पहिल्या ओळीत.”

“दिली.”

ते वाक्य टाइप करताना किती जड गेलं ते माझं मला माहीत. आठवडा आधीच्या पोस्टमध्ये, आदल्या दिवशीच्या पोस्टमध्ये आणि त्या सकाळच्या पोस्टमध्ये मी ते लिहिलं, आणि तिन्हीत त्याखाली लिहिलं: ‘साडेअकरा ते अकरा पन्नास, आयटीआय प्रवेश’. मुरुडवाल्या मामांना कमेंटखाली उत्तर दिलं, ‘हो, या. भाचीला घेऊन या.’ त्यांनी अंगठा दाबला.

शिबिराला ते आले. भाची पहिल्या रांगेत वही उघडून बसली. मामा कडेला उभे, हातात पिशवी.

सत्कार सुरू झाला. आधी पाहुण्यांचा, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, मग मागच्या वर्षीच्या गुणवंतांचा, मग गुणवंतांच्या आईवडिलांचा. शाल, नारळ, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. साडेअकरा झाले तेव्हा सर माइक धरून आपलं बालपण सांगत होते. मी स्टेजखालून घड्याळाकडं बोट दाखवलं, त्यांनी मान डोलावली. निदेशक सर कागद घडी करत, उलगडत बसले होते. त्यांना माइक मिळाला तेव्हा जेवणाची भांडी वाजायला लागली होती. चार मिनिटांत सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आभार मानले.

मामा माझ्यापाशी आले. “ताई, एवढंच व्हतं?”

“थांबा, निदेशक सरांना बाहेर आणते.”

“न्हाई थांबत आता. गाडी हाय.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. भाचीनं वही मिटली. वहीत तारखेखाली दोन ओळी होत्या.

दुसऱ्या दिवशी इव्हेंटखाली त्यांची कमेंट आली. ‘माहिती भेटली न्हाई. दिवस गेला.’

सरांचा फोन. “डिलीट करा ती. नांदेडचे लोक बघतील.”

“बोलावलं मी. खोटी मी पडले. नाही काढणार.”

“मॅडम, तुम्ही लिहिणाऱ्या हाव का मालकीण?”

“नांदेडचा इव्हेंट अजून माझ्याकडंच आहे, टाकलेला नाही. तिथं आयटीआय आधी, सत्कार नंतर. हे कबूल असेल तर आज टाकते.”

सर म्हणाले, “लई हट्टी हाव तुम्ही. टाका.”

मग मी निदेशक सरांकडं गेले आणि त्यांचं राहिलेलं भाषण लिहून घेतलं. मामांच्या कमेंटखाली ते उत्तर म्हणून टाकलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण भरून थांबायचं नाही, तो आयटीआयत जाऊन निश्चित करून घ्यायचा. मुलींसाठी राखीव जागा असतात. पसंतीक्रम भरताना पहिला ट्रेड विचार करून लिहायचा, कारण पहिल्या पसंतीचा लागला आणि घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. माझ्या आजवरच्या मजकुरात एवढा रुक्ष मजकूर दुसरा नसेल. त्याला एकच शुभेच्छा आली, तीही चुकून.

दुपारी मामांनी विचारलं, ‘ताई मग पयला कोनता लिहू. तुमी सांगा, तुमाला कळतंय.’

मी उत्तर लिहायला घेतलं. इलेक्ट्रिशियन लिहिलं, खोडलं. कोपा लिहिलं, म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड, तेही खोडलं. समोर नांदेडचा मजकूर उघडा होता, पहिल्या ओळीत हजारोंचं भविष्य. सौदा झाला होता, ते काढता येत नव्हतं.

शेवटी लिहिलं, ‘भाचीला विचारा. मी नाही सांगणार.’

त्यांना ते आवडलं नसावं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, ‘ती वेल्डर म्हनती.’ आणि पाठोपाठ, ‘घरात समदे नको म्हनून राहिले.’

मी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, ‘तिला विचारलंत ना. आता तेच लिहा.’