दोष मिठाचा नव्हता

औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम करते. रक्त, लघवी, थुंकी. लोक ज्या गोष्टींना नाक मुरडतात त्या माझ्या रोजीरोटीच्या. गरोदर बायकांच्या लघवीच्या बाटल्या तर दिवसाला पंधरा-वीस येतात. त्यात पट्टी बुडवायची, बाहेर काढायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. पिवळी राहिली तर निल. हिरवट झाली की वन प्लस, टू प्लस. म्हणजे लघवीतून प्रथिनं चाललीत. सातव्या-आठव्या महिन्यात प्रेशर वाढलेलं असेल आणि पट्टी हिरवी झाली, तर डॉक्टर त्या बाईला घरी पाठवत नाहीत. हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

माझ्या पहिल्या गरोदरपणात तिसावा आठवडा चालू होता. बुधवारी तपासणीला गेले तर वजन पंधरा दिवसांत तीन किलोने वाढलेलं. प्रेशर एकशे अडतीसवर अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तेवढंच निघालं. माझ्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग हाताची बोटं बघितली.

"पायाची सूज बहुतेकींना येते, तिचं एवढं काही नाही. पण हात, चेहरा सुजतोय. प्रेशरही काठावर आहे. आजच लघवी तपासा आणि रिपोर्ट मला पाठवा. निल असेल तर आठ दिवसांनी या. प्रथिनं असतील तर सरळ दाखल व्हायचं."

"रविवारी डोहाळजेवण आहे, वैजापूरला," मी म्हटलं.

"रिपोर्ट आल्यावर बघू," त्या म्हणाल्या.

रिपोर्ट येणार होता माझ्याकडूनच. लॅबमध्ये आले, बाटली भरली आणि इतर सात बाटल्यांच्या रांगेत आपलीही ठेवली. माझी पट्टी हिरवी झाली. टू प्लस. डबीशी लावून बघायचीही गरज नव्हती.

आता इथे एखादी न शिकलेली बाई असती तर घाबरली असती आणि वाचली असती. मला मात्र पट्टी खोटं कधी बोलते ते सगळं पाठ होतं. अंगावरून पांढरं जात असेल तरी हिरवी होते. सुरुवातीची लघवी सोडून मधली धार घेतली नसेल तरी होते. डबी उघडी राहून पट्ट्या दमट झाल्या तरी रंग फसवतो. मला पांढरं जात होतंच. घाईत मधली धार मी घेतली नव्हतीच. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी सांगितलं असतं, बाई, स्वच्छ धुऊन परत बाटली भरून आणा. स्वतःला म्हटलं, उद्या सकाळी परत करू, आणि आज निल लिहून टाकू. रविवारी वैजापूरला जायचं होतं. सासूबाईंनी पूर्ण गल्ली जेवायला सांगितली होती, हिरवी साडी आणून ठेवली होती. 'अल्ब्युमिन: निल' असं लिहिलं, खाली सही केली आणि फोनवरून पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी उत्तरात अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

दुसऱ्या दिवशी एका कंपनीतल्या कामगारांची तपासणी होती, दीडशे नळ्या. मी बाटली भरली नाही. विसरले असं म्हणायची सोय आहे, पण मी विसरले नव्हते.

रविवारी वैजापूरच्या घरात मी फुलांचे दागिने घालून पाटावर बसले. बायका म्हणत होत्या, चेहऱ्यावर काय तेज आलंय, मुलगीच होणार. ते तेज म्हणजे सूज होती. सकाळी जोडवी बोटांत रुतली होती, तेव्हा सासूबाई माझ्या पायाशी बसल्या, खोबरेल लावून एकेक जोडवं हळूहळू फिरवून काढलं.

"मलाबी लई सूज यायची," त्या म्हणाल्या, "चारी टायमाला. येतीच ती. कशाला घाबरतीस?"

मी त्यांच्याकडे बघून हसले. मला कुणीतरी असं म्हणायला हवंच होतं. मग त्यांनी पुरणपोळी, आंब्याचं लोणचं, पापड, कुरडया, माझ्या आवडीचं सगळं वाढलं आणि मी खाल्लं.

सोमवारी, वैजापूरलाच असताना, डोकं दुखायला लागलं. गर्दीचा शीण असेल म्हणून गोळी घेतली, फरक पडला नाही. मंगळवारी सकाळी डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि बरगडीखाली, उजव्या बाजूला, कळ येऊ लागली. सासूबाईंना वाटलं पुरणाने पित्त झालं, त्यांनी ओवा दिला. तो चावता चावता मला लॅबमधला भिंतीवरचा, गरोदरपणातल्या धोक्याच्या लक्षणांचा तक्ता आठवला. त्यावर ही तिन्ही एकाखाली एक लिहिलेली आहेत. तो तक्ता मीच चिकटवलेला. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ, आत्ता.

दवाखान्यात प्रेशर एकशे बहात्तरवर एकशे चौदा निघालं. पट्टी थ्री प्लस. डॉक्टरीणबाईंनी माझी फाइल उघडली, बुधवारच्या रिपोर्टवर बोट ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सहा दिवसांपूर्वी निल होतं हो. कधीकधी असं झपाट्याने वाढतं, म्हणून तर आम्ही इतकं बारीक लक्ष ठेवतो."

त्या खोटं बोलत नव्हत्या. असं वाढतंही. मी छताकडे बघत होते. त्याच वेळी बोलले असते तरी काही बदललं नसतं, पण मी बोललेही नाही.

त्यांनी नवऱ्याला समजावून सांगितलं. वार नीट काम करत नाहीये, बाळाला रक्त कमी पोचतंय, बाळ आठवड्यांच्या मानाने लहान आहे. आईचं यकृत, मूत्रपिंड, मेंदू, सगळ्यांवर ताण आहे, झटके येऊ शकतात. प्रसूती हाच यावरचा उपाय. पण बाळाच्या फुप्फुसांसाठी चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं द्यायची असतात, तेवढा वेळ मिळाला तर बरं.

पहिलं इंजेक्शन दिलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम लावलं, त्याने अंगभर आग पसरली आणि मग अंग जड, परकं झालं. सिस्टर तासातासाला यायच्या. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायच्या, श्वास मोजायच्या, पिशवीत लघवी किती जमली ते लिहायच्या. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी पाय उडायचा थांबतो, मग श्वास. मी माझा पाय उडताना बघत होते आणि तो कुणाचा तरी दुसऱ्याचा आहे असं वाटत होतं. माझ्या रक्ताची नळी माझ्याच लॅबमध्ये गेली. प्लेटलेट उतरल्या होत्या. सहकारी मैत्रिणीने रिपोर्टवर खरा आकडा लिहिला.

दुसऱ्या इंजेक्शनला सहा तास होते तेव्हा बाळाचे ठोके मंदावायला लागले. सिझर केलं. मुलगी, एक किलो पन्नास ग्रॅम. सहा दिवस काचेच्या पेटीत होती, नाकात नळी घालून. मी व्हीलचेअरवरून दोनदा बघून आले. तिच्या पायाचा पंजा माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा होता. सातव्या दिवशी ती गेली. नवरा खोलीत आला आणि खुर्चीवर बसला. मी विचारलं, "दुपारचा चहा आला का?" का विचारलं ते अजून कळलेलं नाही. रडू आलं नाही. ते पुढेही कित्येक महिने आलं नाही.

सासूबाईंनी मीठ सोडलं. वैजापुरात कुणीतरी सांगितलं होतं की खारट खाल्ल्याने प्रेशर चढतं, आणि लोणचं-पापड तर त्यांनीच वाढलं होतं. भाजी अळणी, वरण अळणी, भाकरी नुसत्या ताकाशी. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आजी, हा आजार मिठाने होत नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही." त्यांनी मान हलवली आणि घरी येऊन अळणी जेवल्या. "मीच म्हणलं ना, सूज येतीच," एवढंच म्हणायच्या. मीसुद्धा म्हणाले, "आई, मिठाने नाही झालं." ते खरंच होतं. पुढचं वाक्य मी गिळलं. दोन वर्षं गिळत राहिले. माझ्या वाटचा दोष त्या अळणी खात होत्या आणि आमच्याकडे येतील तेव्हा मीच त्यांना वाढत होते. मला लाज वाटायची का? वाटायची, पण हिरडी बधिर करून दात काढतात तशी. काहीतरी ओढलं जातंय एवढंच कळतं.

मग पुन्हा दिवस राहिले. एकदा झालं की पुन्हा व्हायचा धोका जास्त, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाराव्या आठवड्यापासून रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू केली, घरी प्रेशरचं यंत्र घ्यायला लावलं आणि दर खेपेला लघवी तपासायला सांगितली. सासूबाई वैजापूरहून राहायला आल्या. विसाव्या आठवड्यात एका दुपारी मी ताटं वाढत होते. त्या म्हणाल्या, "ती लघवीची तपासणी तूच करतीस ना? मग बरंय बाई. घरचं माणूस हाय, चूक नाय व्हायची."

माझ्या हातात मिठाची बरणी होती. ती खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. पट्टी, रंग, निल, सही. दुसऱ्या दिवशीची न भरलेली बाटली. त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितलं, म्हणजे मलाही पहिल्यांदाच तेवढं स्पष्ट ऐकू आलं.

त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "खरं लिहिलं असतं तर जगली असती?"

"सांगता येत नाही. पण दोन्ही इंजेक्शनं झाली असती. सहा दिवस आधी दवाखान्यात असते."

"म्हंजी जगली असती."

मी नाही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली आणि मला घेऊन रिक्षाने दुसऱ्याच लॅबमध्ये गेल्या. बाकावर पदर सावरून बसल्या, रिपोर्ट येईपर्यंत हलल्या नाहीत. त्यांना वाचता येत नाही. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "वाचून दाव. हाय तेच वाच."

"निल आहे, आजी."

"तूच बघितलं का, तुझ्या डोळ्यानं?"

"मीच बघितलं."

तो कागद घडी घालून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवला, माझ्याकडे दिला नाही. तिथून पुढे प्रत्येक रिपोर्ट त्यांच्याच पिशवीत गेला.

घरी आल्यावर मी ताटं वाढली. त्यांनी माझ्याकडे न बघता मिठाची बरणी पुढे ओढली, चिमूटभर मीठ भाजीवर टाकलं आणि जेवायला लागल्या. मी समोर बसले होते. तेव्हा मला रडू आलं.