ओल्या केसाची परीक्षा

पार्लरवाली ताई तोंडाने फटकळ, पण हात लोण्यासारखा. वीस वर्षं तिने बायकांचे केस सरळ केले. केराटिनच्या बाटलीवर ‘घातक फॉर्मल्डिहाइड नाही’ असं ठळक छापलेलं असायचं, पण केसांवरून गरम मशीन फिरलं की धूर निघायचा आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. लेकीचे मुळातच नाजूक केसही तीच दर सहा महिन्यांनी स्ट्रेट करून द्यायची.

आज लेक पुन्हा खुर्चीत बसली. ताईने तिचा एक केस ओला करून हलकेच ताणला. तो रबरासारखा लांबत गेला, परत आखडलाच नाही, आणि तुटला.

“बास. आता काही लावायचं नाही.”

“आई, इतकी वर्षं तूच लावलंस ना?”

“मीच. म्हणून थांबवणारही मीच.”

लेकीने मान डोलावली. कात्री चालली. डोक्यावर उरले ते नव्याने उगवलेले दोन बोटं कुरळे केस. लेक आरशात बघेना. ताईने एक बट ओली करून ताणली आणि सोडली. बट टुणकन जागेवर गेली.

लेक खुदकन हसली. ताईने डोळे पुसले.

आज तर धूरही नव्हता.